सातवीचा खो-खो तास: ३५ मिनिटं, ४२ मुलं, एक शिक्षक

मुंबईतल्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास पहिल्यांदा हातात आला की दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. मैदान म्हणतात ते बहुधा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घातलेलं अंगण असतं. आणि वर्गात एकाच वेळी जिल्हा पातळीवर खेळणारी मुलगी, दम्याचा पंप दप्तरात ठेवणारा मुलगा, गुडघे दुखतात म्हणून दर वेळी कोपऱ्यात बसणारी मुलगी आणि कालच प्लास्टर निघालेला कुणीतरी असतो. या सगळ्यांना एकाच खेळात कसं घ्यायचं, ते खो-खोचा एक तास संपूर्ण आखून इथे दाखवलं आहे. खो-खो निवडायचं कारण सोपं आहे. साहित्य लागत नाही, बहुतेक मुलांना नियम ढोबळमानाने माहीत असतात, आणि या खेळात कोण किती धावणार हे बऱ्याच अंशी त्याला कुठे बसवलं यावर ठरतं. शेवटचा मुद्दा नियोजनाच्या फार कामाचा आहे. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

आपण धरलेला तास असा: इयत्ता सातवी, पटावर ४४, हजर ४२, तास ३५ मिनिटांचा, महिना ऑक्टोबर, वेळ सकाळी साडेनऊच्या सुमाराची, अंगण २८ मीटर लांब आणि १९ मीटर रुंद.

आधी कागद, मग अंगण

जूनमध्येच प्रत्येक पालकाकडून एक छोटी चिठ्ठी भरून घ्या. प्रश्न मोजकेच ठेवा: दमा आहे का, कधी फिट किंवा चक्कर आली आहे का, हृदयाचा काही त्रास आहे का, गेल्या सहा महिन्यांत हाड मोडलं किंवा ऑपरेशन झालं आहे का, रोजचं औषध कोणतं, चष्मा आहे का, आणि तातडीच्या वेळी फोन कुणाला करायचा. लांबलचक फॉर्म अर्धवट भरून येतो, तेव्हा त्याचा उपयोग नाही. ‘हो’ असं उत्तर आलेल्या मुलांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागवा आणि तिच्यात काय चालेल आणि काय नको, दोन्ही लिहून घ्या. नुसतं ‘पीटी नको’ असं लिहिलेल्या चिठ्ठीवरून मुलाला वर्षभर बाकावर बसवलं जातं. हृदयविकार असलेल्या मुलाची मर्यादा मात्र डॉक्टरच ठरवतील. तिथे आपला अंदाज चालवायचा नाही.

ही माहिती तुमच्या वहीत राहते. वर्गात मोठ्याने वाचायची नाही, नावापुढे लाल खूणही करायची नाही.

खेलो इंडियाच्या चाचणीतले आकडे शाळेत असतील, म्हणजे ६०० मीटर धावणं, ५० मीटर वेगाने धावणं वगैरे, तर ते गट पाडताना बघा. पण त्यावरून ‘वेगवान गट’ आणि ‘मंद गट’ करू नका. मंद गटातल्या मुलांना आपण कुठे आहोत हे दोन मिनिटांत कळतं आणि पुढच्या तासाला त्यांचं पोट दुखायला लागतं. आकड्यांचा उपयोग उलटा करायचा: प्रत्येक गटात सगळ्या प्रकारची मुलं सारखी वाटली जावीत म्हणून.

अंगण मोजणं

तासाच्या दहा मिनिटं आधी एक फेरी मारा. उचकटलेला पेव्हर ब्लॉक, गटाराची जाळी, ध्वजस्तंभाचा चबुतरा, नळाखालची ओल, आणि शिक्षकांच्या स्कूटर. स्कूटर हा किरकोळ विषय वाटतो, पण पळताना मागे बघणारं मूल थेट आरशावर जातं. हलवता येत नसेल तर तेवढा भाग खेळाबाहेर ठेवून आखणी करा.

मग दोन चाचण्या. तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच सेकंद ठेवता येते का ते बघा. ठेवता येत नसेल तर त्या जमिनीवर मुलांना हात टेकायला लावू नका. खेळ इमारतीच्या सावलीत न्या किंवा बदला. दुसरी पावसाळ्यातली: बूट दाबून जागच्या जागी पिळून बघा. सरकला तर तिथे शेवाळ आहे, धावणं बंद. पृष्ठभाग वरून कोरडा दिसतो आणि घसरतो तोच, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका.

आता आखणी. चारही बाजूंच्या भिंतींपासून २ मीटर सोडा, म्हणजे २४ बाय १५ मीटर उरतात. त्यात शेजारी-शेजारी दोन छोटी मैदानं बसतात: प्रत्येक ६ मीटर रुंद, मध्ये ३ मीटरचा रिकामा पट्टा. प्रत्येक मैदानाच्या मधोमध एक रेघ मारा. ही मध्यपाटी. तिच्यावर सहा चौक, दोन चौकांमध्ये २ मीटर अंतर, आणि दोन्ही टोकांच्या चौकांपासून अडीच मीटरवर खांब. सहा चौकांत पाच अंतरं, म्हणून दहा मीटर, त्यात दोन्हीकडचे अडीच मिळवले की खांबापासून खांबापर्यंत १५ मीटर होतात. खांबाच्या पलीकडेही चांगली मोकळी जागा उरते आणि ती लागतेच, कारण वळसा घालताना मुलं बाहेर फेकली जातात.

नियमाच्या मैदानात खांब १२० ते १२५ सेंटिमीटर उंच आणि जमिनीत रोवलेला असतो. अंगणात तो रोवता येत नाही, म्हणून काही ठिकाणी बॅडमिंटनचा लोखंडी खांब उभा करतात. तो करू नका: मूल त्याला धरून वळतं आणि खांब तळासकट त्याच्यावर येतो. प्लास्टिकचा मऊ शंकू ठेवा आणि ‘शंकूला हात लावायचा नाही, बाहेरून वळायचं’ असं सांगा. रेघा खडूने मारा. फक्की मारायची असेल तर खडूच्या भुकटीची, चुन्याची नको. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, आणि इथे मुलं जमिनीलगत बसलेली असतात.

नियमाच्या खेळात पाठलाग करणारे नऊ असतात. इथे सहा बसलेले आणि एक धावणारा, असे सातच गडी का, असं एखादा खेळाडू मुलगा विचारेलच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकातही मैदानात सातच गडी होते, हे उत्तर त्याला पुरतं.

कामाचा भार कुठे असतो

या तासाचं नियोजन इथेच होतं, म्हणून जरा थांबून बघू.

खो-खोत सगळ्यात जास्त दमतो तो पळणारा गडी. तो मैदानात असेपर्यंत थांबू शकत नाही. पाठलाग करणाऱ्या संघात मात्र एका वेळी एकच धावतो, बाकीचे बसलेले असतात. खो मिळाला की उठून काही पावलं धावायचं आणि पुढच्याला खो द्यायचा. म्हणजे हे काम तुकड्या-तुकड्यांचं आहे, आणि मध्ये आपोआप विश्रांती मिळते.

बसणाऱ्यांतही फरक आहे. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडता येत नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. त्यामुळे टोकाच्या चौकांत, म्हणजे पहिल्या आणि सहाव्या जागेवर बसलेल्याच्या वाट्याला वेगाने धावणं आणि लगेच तीव्र वळण येतं. घोटा आणि गुडघा याच वळणावर दुखावतो. तिसऱ्या आणि चौथ्या जागेवर बसलेल्याला दोन ते सहा मीटरची सरळ धाव पुरते. तो सतत खेळात असतो, त्याला खो वारंवार मिळतात, पण वळणं जवळपास नसतात.

म्हणून वजन जास्त असलेलं, नुकतंच आजारातून उठलेलं किंवा पटकन धाप लागणारं मूल तिसऱ्या-चौथ्या जागेवर बसवा. तिथे त्याला बाजूला काढल्यासारखं वाटत नाही, कारण खेळाची साखळी तिथूनच जाते. वेगवान आणि वळताना तोल सांभाळणारी मुलं टोकांना. शब्दांत मात्र ‘तू हळू आहेस म्हणून मध्ये’ असं कधीच येऊ नये. ‘मधल्याने पटकन खो दिला तरच गडी सापडतो’ असं सांगा. ते खरंही आहे.

पळणाऱ्यांचा भार हलका करायला दोन सोयी ठेवा. पहिली: मध्यपाटीपासून दूर, दोन्ही बाजूंच्या कडेला एकेक मीटरभर व्यासाचं वर्तुळ काढा. पळणारा त्यात पाच सेकंद उभा राहू शकतो आणि तेवढा वेळ त्याला बाद करता येत नाही. प्रत्येक पळणाऱ्याला असे दोन थांबे. सगळ्यांना, फक्त दमणाऱ्यांना नव्हे. जिल्हा पातळीवरची मुलगी ते वापरणार नाही, पण सोय तिच्यासाठीही आहे, म्हणून ज्याने वापरली त्याला कुणी हसत नाही. दुसरी: बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. कडेच्या बाहेरून चालत एक फेरी मारतो आणि परत येतो. नेहमीच्या पद्धतीत बाद झालेला बाहेर बसतो, म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात कमी खेळतो. चालत फेरी मारताना श्वासही खाली येतो.

दमछाक मोजायला यंत्र नको. पळून आलेल्या मुलाला एक पूर्ण वाक्य बोलायला लावा. वाक्य निघतं पण गाणं म्हणता येणार नाही, एवढी धाप ठीक आहे. दोन-दोन शब्दांनी श्वास तुटत असेल तर त्याचा पुढचा डाव पाचव्या-सहाव्या जागेवरून तिसऱ्या-चौथ्यावर आणा, किंवा त्याला आधी पंचाचं काम द्या.

तीन गट, तीन कामं

४२ मुलं दोन मैदानांवर २१-२१. प्रत्येक मैदानावर सात-सात जणांचे तीन गट. पहिला गट पाठलाग करतो: सहा बसलेले, एक धावणारा. दुसरा पळतो: आधी तीन, मग चार. तिसऱ्याकडे पंचाची कामं आणि सरावाचा कोपरा. प्रत्येक डाव चार मिनिटांचा: दीड मिनिट पहिली तुकडी, दीड मिनिट दुसरी, एक मिनिट जागा बदलायला. तीन डावांत, म्हणजे बारा मिनिटांत, प्रत्येक गट तिन्ही कामं करून होतो.

दुसऱ्या तुकडीतल्या चौघांनी पहिल्या दीड मिनिटात कडेच्या बाहेर चालत राहायचं. उभं राहून वाट बघायची नाही. नाहीतर अंग थंड पडतं आणि वर आरडाओरडा वाढतो.

तिसऱ्या गटातले तिघे पंच. एकाकडे वेळ: घड्याळ बघून डाव सुरू झाल्याचं आणि संपल्याचं ओरडून सांगणं. दुसऱ्याकडे गडी मोजणं, खडूने जमिनीवर रेघा मारत. तिसऱ्याकडे फक्त धोक्याचे फाऊल: ढकलणं, पाय चौकाबाहेर, शंकूला हात. हा तिसरा पंच सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याला खेळ थांबवायचा अधिकार द्या. नियम मोडणारा जर मोठा किंवा दांडगा असेल तर पंच गप्प बसतो, म्हणून पहिल्या तासाला त्याच्या जवळपास राहा आणि त्याने हात वर केला की तुम्ही शिट्टी मारा.

उरलेले चौघे कोपऱ्यात जोड्या करून एकच गोष्ट करतात: बसलेल्या अवस्थेतून खो मिळताच उठून दोन पावलं निघणं. प्रत्येकी सहा वेळा, मग अदलाबदल.

पंचाचं काम कमी धावणाऱ्या मुलाची कायमची जागा होऊ देऊ नका. ‘गुण लिहिणारा’ ही जागा एकदा एखाद्याला चिकटली की वर्षभर चिकटते. म्हणूनच कामं गटाने बदलायची, माणसाने नव्हे. ज्याला आज खरोखर धावता येत नाही, उदाहरणार्थ डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्याला मात्र तिन्ही डावांत धोक्याचा पंच करा आणि शेवटी त्याच्याकडून दोन मैदानांतला फरक विचारा. त्याने खेळ बघितला आहे, त्याला उत्तर असतं.

चार मुलं, चार निर्णय

दम्याचा मुलगा. व्यायामाने येणारा दम्याचा त्रास बहुधा जोराच्या धावण्यानंतर, थांबल्यावर काही मिनिटांनी वाढतो, त्यामुळे खेळ संपला म्हणून नजर काढू नका. डॉक्टरांनी आधी पंप घ्यायला सांगितलं असेल तर तो सांगितलेल्या वेळेला घेतला का, हे तास सुरू व्हायच्या आधी हळूच विचारा. लांब आणि सावकाश तयारीचा त्याला फायदा होतो. म्हणून शंकू मांडायचं काम त्याला पाच मिनिटं आधीच द्या: अंगणभर चालणं आपोआप होतं आणि कुणाला वेगळी वागणूक दिसत नाही. पंप त्याच्याजवळ किंवा तुमच्या पेटीत असला पाहिजे, वर्गातल्या दप्तरात नव्हे. चौथ्या मजल्यावरून दप्तर आणायला जाणं परवडत नाही.

गुडघे दुखणारी मुलगी. उकिडवं बसून उठणं हेच तिचं दुखणं आहे, धावणं नव्हे. तिला चौकात उकिडवं न बसता गुडघ्यांवर हात ठेवून अर्धं वाकून उभं राहू द्या, तिसऱ्या जागेवर. स्टूल ठेवू नका, पळणारे त्याला अडखळतात. दुखणं एकाच बाजूला, रोज किंवा रात्रीही होत असेल, किंवा गुडघा सुजत असेल, तर पालकांना डॉक्टरकडे न्यायला सांगा.

प्लास्टर निघालेला मुलगा. हात असला तरी पडल्यावर तोच हात टेकतो, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणाऱ्यांत आणि पाठलागात नाही. तिन्ही डावांत धोक्याचा पंच, आणि तयारीच्या वेळी चालणं सगळ्यांबरोबर.

जिल्हा पातळीवरची मुलगी. हिच्याकडे दुर्लक्ष करणं ही नेहमीची चूक. सोप्या खेळात ती कंटाळते आणि कंटाळलेली वेगवान मुलगी कुणाला तरी आपटते. तिला अडचण वाढवून द्या: खो मिळाल्यावर तीन पावलांत पुढचा खो दिलाच पाहिजे. त्याने तिचा वेग उठण्यात आणि नजर देण्यात जातो. पळताना ती थांब्याच्या वर्तुळाशिवाय खेळते. आणि सूर मारायचा नाही. कोब्यावर खांबावरची झेप म्हणजे हनुवटी आणि मनगट, हे तिला तिच्या प्रशिक्षकांनीही सांगितलं असेल.

याशिवाय काही गोष्टी त्या दिवशीच्या असतात. नवरात्रात, श्रावणी सोमवारी किंवा रमझानमध्ये उपाशी आलेली मुलं असतात, आणि पाळीच्या दिवसांत एखाद्या मुलीला कमी धावायचं असतं. कारण सांगायला न लावता चालेल अशी एक खूण ठरवा: हजेरीच्या वेळी ‘हजर’ऐवजी ‘हजर, मधली जागा’ म्हटलं की पुरे. कुणीही म्हणू शकतं, त्यामुळे प्रश्न उठत नाही.

सुरक्षेचे नियम: पाचच, आणि कारणासकट

पंधरा नियम सांगितले की एकही लक्षात राहत नाही. हे पाच पुरतात.

एक. लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे बसायचं. बसल्यामुळे कोण ऐकत नाही, कोण पडलेलं आहे, ते एका नजरेत दिसतं. तास सुरू होताना तीनदा सराव करा. तिसऱ्या वेळी सगळे तीन सेकंदांत बसले नाहीत तर चौथ्यांदा. यात गेलेला एक मिनिट वाया जात नाही.

दोन. खो उघड्या तळव्याने पाठीवर, शब्दाबरोबर. मुठीने नाही, ढकलून नाही. बसलेला पुढे तोंडावर पडतो तो ढकलल्यामुळेच.

तीन. बसलेल्याचे हात-पाय चौकाच्या आत. बोटांवर पाय पडणं ही या खेळातली नेहमीची इजा, आणि ती बसलेल्याच्या निष्काळजीपणाने होते.

चार. अंगावर काही लटकतं नको: घड्याळ, काचेच्या बांगड्या, साखळी, लोंबते डूल, आणि गळ्यातलं ओळखपत्र. ओळखपत्राची दोरी मुलं विसरतात. ती मागून ओढली गेली की गळ्याला आवळते. चष्म्याला मागून पट्टा बांधा.

पाच. बूट नाड्या बांधून. नुसत्या मोज्यांवर कधीच नाही. कॅनव्हासचे बूट विसरलेल्याने अनवाणी कोब्यावर धावायचं नाही. त्याला पंचाचं काम द्या, आणि पुढच्या वेळी बूट आणायला घरी निरोप द्या. परवडत नसेल तर शाळेत दोन-तीन जादा जोड्या ठेवता येतात का ते मुख्याध्यापकांशी बोला. मुलाला रोज बाहेर ठेवणं हे उत्तर नव्हे.

मिनिटांचा हिशेब

पहिली चार मिनिटं: रांग, हजेरी, अंगावरच्या वस्तू काढणं, प्रत्येकाने पाणी पिणं, शिट्टीचा सराव. बाटल्या सावलीत एका जागी. ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. मुलाला तहान लागल्यावर पाणी देणं इथे उशिरा होतं.

पुढची सहा मिनिटं तयारी. एक फेरी चालणं, एक फेरी झपझप चालणं, एक हळू धावणं. मग घोटे फिरवणं, पाच वेळा उकिडवं बसून उठणं, दहा मीटरच्या तीन धावा: पहिली निम्म्या वेगाने, तिसरी जवळपास पूर्ण. स्थिर उभं राहून लांब ताण देणं इथे नको, ते शेवटी. लंगडीच्या फेऱ्याही कोब्यावर नकोत. एका पायावरचा सगळा धक्का कडक जमिनीवरून परत येतो.

सात मिनिटं कौशल्य: समोरासमोर बसून खो देणं, घेणं, उठणं. तळवा, शब्द आणि उठणं एका वेळी. शेवटच्या दोन मिनिटांत हूल: एका दिशेला खांदा टाकून दुसरीकडे निघणं, चालत्या वेगाने.

बारा मिनिटं खेळ. चार मिनिटं थंड होणं: दोन मिनिटं चालणं, मग पोटऱ्या आणि मांड्यांना ताण, पाणी. दोन मिनिटं हातची, कारण मैदानात यायला उशीर होतोच. वेळ कमी पडली तर कौशल्याची मिनिटं कापा, तयारी आणि शेवटचं चालणं कापू नका.

तुम्ही उभं कुठे राहायचं? दोन मैदानांमधल्या पट्ट्यात नाही. तिथे एका मैदानाकडे नेहमी पाठ होते. अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभं राहा, म्हणजे दोन्ही मैदानं एका नजरेत येतात. डाव बदलला की कोपरा बदला.

काही झालं तर

शाळेच्या दोन गोष्टी आधीच ठरलेल्या हव्यात: फोन कोण करणार आणि फाटक उघडून रुग्णवाहिकेला आत कोण आणणार. मुंबईत फाटकासमोर गाड्या उभ्या असतात, त्यामुळे दुसरा माणूस पहिल्याइतकाच लागतो. फोन १०८ किंवा ११२.

घोटा मुरगळला तर चोळू नका, मलम रगडू नका, ओढून ‘बसवू’ नका. बूट सैल करा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते वीस मिनिटं, पाय उंच. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर बोट ठेवल्यावर दुखत असेल तर एक्स-रे.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, मूल ठीक आहे म्हणालं तरी. वारंवार उलटी, वाढत जाणारं डोकं दुखणं, झोपाळूपणा, गोंधळून बोलणं किंवा बेशुद्धी, यांतलं काहीही दिसलं की लगेच दवाखाना.

मूल गरगरून खाली बसलं तर सावलीत आडवं करा, पाय उंच. अंग तापलेलं आहे आणि बोलणं असंबद्ध आहे, तर तो उष्माघात. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून पंख्याने वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

दम्याचा झटका आला तर मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका, आणि त्याच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे पंप द्या. पंपाने फरक पडत नाही, वाक्य बोलता येत नाही किंवा ओठ निळसर दिसतात, तर वाट न बघता १०८ लावा.

इजा लहान असली तरी त्याच दिवशी घरी फोन आणि अपघात नोंदवहीत दोन ओळी: वेळ, जागा, काय झालं, काय केलं.

तासानंतरच्या तीन ओळी

मुलं गेल्यावर वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: धापेमुळे कुणाची जागा बदलावी लागली, कोणता नियम सगळ्यात जास्त मोडला, आणि पळणारे किती वेळ टिकले. तिसऱ्या ओळीवरून पुढच्या तासाचं मैदान ठरतं. पळणारे वीस सेकंदांतच बाद होत असतील तर रुंदी सहाऐवजी सात मीटर करा किंवा थांब्याची वर्तुळं तीन करा. रुंदी वाढवली तर मधला पट्टा एक मीटरच उरतो, म्हणून त्या वेळी भिंतीकडचं अंतर कमी न करता मैदानं एकमेकांपुढे-मागे सरकवून आखा. उलट, दीड मिनिटात एकही बाद होत नसेल तर पाठलाग करणाऱ्यांना दोष देऊ नका. चौकांमधलं अंतर दोन मीटरवरून दीडवर आणा, खो जवळ पोचतो आणि साखळी चालायला लागते.